गोलाच्या पोटातला सिलिंडर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-टूचा पेपर जवळ आला की मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुस्तकांच्या पानांचे फोटो फिरू लागतात. त्यातलाच एक फोटो समोर ठेवू. पान तिरकं धरलेलं, उजवी कडा अंगठ्याखाली गेलेली, वरच्या भागात ट्यूबलाइटचा चकाकणारा पट्टा. मधोमध एक उदाहरण आणि त्याच्या खाली आकृती. उदाहरण असं की, x² + y² + z² = 4 या गोलातून x² + y² = 2x हा सिलिंडर जेवढा भाग कापून घेतो, त्याचं घनफळ सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स वापरून काढा. आकृतीत एक घुमट, त्याच्या आत एका बाजूला सरकलेला उभा सिलिंडर, आणि दोघांचा सामाईक भाग रेघा मारून गडद केलेला. पानाच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीने गणित सोडवलंय आणि उत्तराला चौकट केलीय: 16π/3. पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर मात्र 16π/3 − 64/9 असं आहे.

पहिलं उत्तर साधारण १६.७६ येतं, दुसरं ९.६४. फरक थोडाथोडका नाही. कुठलं बरोबर हे ठरवायला खरं तर संकलनाची गरजच नाही. सिलिंडरचा तळ म्हणजे १ त्रिज्येचं वर्तुळ, त्याचं क्षेत्रफळ π. गोलाची त्रिज्या २, म्हणजे गोलाच्या आत कुठलीही उभी रेघ जास्तीत जास्त ४ लांबीची. सिलिंडरचा सगळा भाग ४ उंचीचा असता तरी घनफळ 4π, म्हणजे १२.५७ झालं असतं. त्याहून मोठा तुकडा त्यात मावणारच नाही. तेव्हा १६.७६ बाद. गंमत अशी की पेन्सिलीने सोडवलेल्या त्या गणितात पायऱ्या जवळजवळ सगळ्या बरोबर आहेत. मर्यादा बरोबर आहेत, आकृती नीट वाचलेली आहे. चूक एकाच ओळीत आहे आणि ती इतकी साधी दिसते की तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते. तिच्यापर्यंत पोचायचं तर आकृतीपासून सुरुवात करायला हवी.

कागदावर काढलेली त्रिमितीतली आकृती दोन-तीन बाबतींत फसवते. x अक्ष आपल्याकडे येतो म्हणून तो खाली-डावीकडे तिरका काढतात, त्यामुळे जमिनीवरचं वर्तुळ चपटं होऊन लंबवर्तुळ दिसतं. सिलिंडर घुमटाच्या नेमका कुठे उभा आहे, हे अशा चित्रावरून डोळ्याने ठरवू नये. समीकरणाला विचारावं. x² + y² = 2x मधला 2x डावीकडे आणून वर्ग पूर्ण केला की ते असं होतं:

(x − 1)² + y² = 1

म्हणजे केंद्र (1, 0) आणि त्रिज्या १. हे वर्तुळ मूळबिंदूतून जातं आणि दुसऱ्या टोकाला (2, 0) ला गोलाच्या मोठ्या वर्तुळाला आतून चिकटतं. म्हणजे सिलिंडरची एक कड बरोबर गोलाच्या मधल्या उभ्या अक्षावर आहे आणि समोरची कड गोलाच्या पृष्ठभागाला टेकलेली आहे. सगळं उदाहरण या दोन स्पर्शांवर उभं आहे.

समीकरण फोटोत नीट दिसत नसेल तर आकृती उपयोगी पडते. अंगठ्यामुळे 2x मधला x गेला आणि नुसतं x² + y² = 2 उरलं, तर तो मूळबिंदूभोवती उभा असलेला √2 त्रिज्येचा सिलिंडर होईल. पण आकृतीतला सिलिंडर एका बाजूला सरकलेला आहे, तेव्हा ते वाचन चुकीचं. धुरकट अक्षरात x चा z झाला तर x² + y² = 2z हा पृष्ठभाग सिलिंडर राहतच नाही. तो तळाशी गोलसर आणि वर रुंदावत जाणारा पॅराबोलॉइड आहे. आकृतीतल्या बाजू सरळ उभ्या असतील तर समीकरणात z असूच शकत नाही, कारण z कितीही बदलला तरी ज्याच्या आडव्या कापात तेच वर्तुळ दिसतं तो उभा सिलिंडर. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मे धुरकट फोटो वाचता येतात.

आकृतीत एक गोष्ट मात्र खरंच संदिग्ध आहे. बहुतेक पुस्तकं जागा वाचवायला गोलाचा वरचाच अर्धा भाग काढतात. मग घनफळ वरच्या भागाचं काढायचं की खालच्यासकट? याचं उत्तर चित्रात नाही, शब्दांत आहे. z ≥ 0 किंवा xy प्रतलाच्या वर असं काही लिहिलेलं नसेल तर समीकरण संपूर्ण गोलाचं आहे, आणि खालचा भागही धरायचा. नेमकी ती अट फोटोच्या कापलेल्या कडेत गेली असेल तर शेवटच्या उत्तरावरून कळतं, कारण दोन्ही भाग अगदी सारखे असल्याने एक उत्तर दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट येतं. इथे पुस्तकाचं उत्तर पूर्ण गोलाचं आहे.

आता सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स. जमिनीवरच्या बिंदूचा पत्ता x आणि y ने सांगण्याऐवजी मूळबिंदूपासूनचं अंतर r आणि x अक्षापासून वळलेला कोन θ यांनी सांगायचा. उंची z आहे तशीच ठेवायची. x = r cos θ, y = r sin θ, आणि त्यामुळे x² + y² = r². याचा फायदा समीकरणांकडे बघितलं की दिसतो. गोल होतो r² + z² = 4. सिलिंडर होतो r² = 2r cos θ, म्हणजेच

r = 2 cos θ

बस, एवढंच. बाजूला सरकलेल्या वर्तुळासाठी x-y मध्ये वर्गमुळांची जी कटकट करावी लागली असती ती दोन अक्षरांत मिटली.

पण हा पत्ता बदलताना एक किंमत मोजावी लागते, आणि पहिल्या वर्षाची निम्मी मुलं ती मोजायला विसरतात. x-y-z मध्ये इवलासा ठोकळा dx × dy × dz एवढा. नव्या पत्त्यात तो dr × dθ × dz नसतो, कारण dθ हा कोन आहे, लांबी नाही. तेलघाण्याला जुंपलेला बैल आठवा. लाटेचं आतलं टोक आणि बाहेरचं टोक एकाच वेळी एकाच कोनातून फिरतात, पण आतलं टोक जागच्या जागी वळतं आणि बैलाला मात्र लांबवर चालावं लागतं. r अंतरावर dθ कोनातून फिरल्यावर चाललेलं अंतर r dθ भरतं. म्हणून ठोकळ्याच्या तीन बाजू dr, r dθ आणि dz, आणि त्याचं घनफळ

dV = r dz dr dθ

हा r गळला की ओळखायची एक खूण आहे. गोलाची त्रिज्या २ ऐवजी २ सेंटिमीटर आहे असं समजा. z ला सेंटिमीटर, r ला सेंटिमीटर, θ ला एकक नाही. dz dr dθ गुणले तर चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे क्षेत्रफळ. घनफळाला घन सेंटिमीटर हवेत. तो हरवलेला एक सेंटिमीटर म्हणजेच विसरलेला r. या उदाहरणात r विसरला तर आणखी एक इशारा मिळतो: पुढचं संकलन एकदम किचकट होतं, त्यात व्यस्त साइन डोकावू लागतं. पाठ्यपुस्तकातलं गणित अचानक रुसलं तर आधी r शोधावा.

मग मर्यादा. हे काम नेहमी तीन प्रश्नांचं असतं. जमिनीवर एका बिंदूवर उभं राहिलो तर सरळ वर-खाली कुठून कुठपर्यंत जाता येतं? गोलाच्या खालच्या पृष्ठभागापासून वरच्या पृष्ठभागापर्यंत, म्हणजे z जातो −√(4 − r²) पासून +√(4 − r²) पर्यंत. आता मूळबिंदूतून एका ठराविक कोनात बाहेर निघालो तर कुठपर्यंत जायचं? वर्तुळाच्या कडेपर्यंत, म्हणजे r जातो 0 पासून 2 cos θ पर्यंत. आणि कोन कुठून कुठे फिरवायचा? वर्तुळ पूर्णपणे y अक्षाच्या उजवीकडे आहे, म्हणून θ जातो −π/2 पासून π/2 पर्यंत.

इथे सवयीने θ ला 0 ते 2π देणारे बरेच असतात, कारण वर्तुळ म्हटलं की 2π हाताला लागलेलं असतं. पण कोन π/2 च्या पुढे गेला की cos θ ऋण होतो, r ऋण होतो आणि लेखणी त्याच वर्तुळावरून दुसऱ्यांदा फिरते. बाकी सगळं बरोबर केलं तर उत्तर दुप्पट, १९.२९ येतं. तेही १२.५७ पेक्षा मोठं, म्हणजे तळाच्या क्षेत्रफळाच्या त्याच साध्या हिशेबात पकडलं जातं.

तिहेरी संकलन आता मांडून होतं:

V = ∫ (−π/2 ते π/2) ∫ (0 ते 2 cos θ) ∫ (−√(4−r²) ते √(4−r²)) r dz dr dθ

दिसायला भारदस्त आहे, पण आतून बाहेर एकेक पदर सोडवत गेलं तर घाबरण्यासारखं काही नाही. सगळ्यात आतला पदर z चा. r त्याच्या दृष्टीने स्थिर आहे, म्हणून उंचीच फक्त मोजायची: 2√(4 − r²). राहिलं 2r√(4 − r²) हे r वर संकलित करणं. इथे तो सुरुवातीला ओझं वाटणारा r कामाला येतो. 4 − r² ला u म्हटलं तर 2r dr म्हणजे −du, आणि संकलन एका ओळीत संपतं:

−(2/3)(4 − r²)^(3/2)

r ची खालची मर्यादा 0 टाकली तर कंसात 4, त्याचा ३/२ घात ८. वरची मर्यादा 2 cos θ टाकली तर कंसात 4 − 4 cos² θ, म्हणजे 4 sin² θ. त्याचा ३/२ घात किती?

पेन्सिलीने सोडवलेल्या गणितात इथे 8 sin³ θ लिहिलंय. घात वाटून दिले, वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात, झालं. पण वर्गमूळ हे कधी ऋण नसतं. 4 sin² θ चं वर्गमूळ 2 sin θ नाही, ते 2|sin θ| आहे. θ जेव्हा 0 आणि π/2 च्या मध्ये असतो तेव्हा काही बिघडत नाही. θ शून्याच्या खाली गेला की sin θ ऋण होतो, आणि तिथे 8 sin³ θ ही ऋण संख्या आहे. ४ sin² θ ही धन संख्या आणि तिचा ३/२ घातही धनच असायला हवा. बरोबर ओळ अशी:

V = (16/3) ∫ (−π/2 ते π/2) (1 − |sin θ|³) dθ

त्या दोन उभ्या रेघा न लिहिल्याने काय होतं बघा. sin³ θ ला −π/2 पासून π/2 पर्यंत संकलित केलं की डावी बाजू ऋण, उजवी बाजू धन, दोन्ही समान. बेरीज शून्य. उरतं फक्त (16/3) × π. म्हणजेच चौकटीतलं 16π/3.

ही केवळ चिन्हाची चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण ती संख्या योगायोगाने आलेली नाही. २ त्रिज्येच्या पूर्ण गोलाचं घनफळ (4/3)π × 8, म्हणजे 32π/3. त्याचं अर्धं 16π/3. चुकीचं उत्तर म्हणतंय की y अक्षाच्या उजवीकडचा सगळा अर्धा गोल सिलिंडरने व्यापलाय. जमिनीवरचं चित्र काढून बघा: उजवीकडच्या मोठ्या अर्धवर्तुळात छोटं वर्तुळ बसवलेलं आहे आणि त्याच्या वर-खाली कोपरे मोकळे आहेत. सिलिंडरला ते कोपरे कसे मिळाले?

तर असे. एका कोनात मूळबिंदूतून बाहेर जाताना कंसातला 8 म्हणजे गोलाच्या कडेपर्यंतची पूर्ण पाचर, आणि 8|sin θ|³ म्हणजे सिलिंडरच्या पलीकडे, गोलाच्या कडेपर्यंत उरलेला भाग. बरोबर गणित प्रत्येक कोनात पूर्ण पाचरीतून तो उरलेला भाग वजा करतं. चुकलेलं गणित x अक्षाच्या एका बाजूला उरलेला भाग वजा करतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच भाग जोडतं. एका कोपऱ्याची वजाबाकी दुसऱ्या कोपऱ्याच्या बेरजेने भरून निघते आणि अर्धा गोल जसाच्या तसा हातात उरतो.

उपाय सरळ आहे. आकृती x अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे, तेव्हा θ ला 0 ते π/2 द्या आणि उत्तर दुप्पट करा. या भागात sin θ धन आहे, उभ्या रेघांची गरजच नाही. sin³ θ चं संकलन sin θ (1 − cos² θ) असं फोडून केलं तर 1 − 1/3, म्हणजे 2/3 येतं. मग

V = 2 × (16/3) × (π/2 − 2/3) = 16π/3 − 64/9

म्हणजे सुमारे ९.६४. हे पटतं का, तेही बघू. याला तळाच्या π ने भागलं तर सरासरी उंची ३.०७ येते. सिलिंडर गोलाच्या अक्षाला टेकतो तिथे उंची ४ आहे, सिलिंडरच्या स्वतःच्या मध्यावर 2√3, म्हणजे ३.४६, आणि पलीकडच्या टोकाला, जिथे तो गोलाला चिकटतो तिथे शून्य. यांच्या दरम्यान सरासरी ३.०७ असणं अगदी बरोबर वाटतं. वर्गात एक मुलगा हमखास निघतो जो θ ला 0 ते π देतो आणि उभ्या रेघा न लिहिताही बरोबर उत्तर आणतो. त्या पट्ट्यात sin θ धनच असतो, आणि π/2 च्या पुढचा ऋण r वर्तुळाचा उरलेला खालचा भाग रंगवून देतो. त्याला का जमलं हे विचारलं तर बहुधा सांगता येत नाही. मार्क मात्र पूर्ण.

पुस्तकाच्या उत्तराकडे परत एकदा बघा. अर्ध्या गोलाचं घनफळ 16π/3, त्यातून सिलिंडरचा भाग गेला, तर मागे उरलं 64/9. त्यात π नाही! गोल आणि वर्तुळ यांनी वेढलेला तुकडा, आणि त्याचं घनफळ साधा अपूर्णांक. डावीकडेही असाच एक सिलिंडर बसवला तर पूर्ण गोलातून दोन्ही सिलिंडर काढल्यावर 128/9 उरतं. पुन्हा π नाही.

याच आकृतीने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठ्या गणितज्ञांना कामाला लावलं होतं. फ्लॉरेन्सचा विन्चेन्झो विवियानी हा गॅलिलिओचा शेवटचा शिष्य. गॅलिलिओ आंधळा झाल्यावर त्याच्या अखेरच्या काळात तरुण विवियानी त्याच्याजवळ राहिला होता. पुढे म्हातारपणी, १६९२ मध्ये, त्याने स्वतःच्या नावाऐवजी अक्षरांची उलटापालट केलेलं टोपणनाव वापरून एक कोडं सगळ्यांपुढे ठेवलं. अर्धगोलाकार घुमट असलेलं एक मंदिर आहे. त्या घुमटात चार सारख्या खिडक्या अशा पाडायच्या, की उरलेल्या घुमटाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ एखाद्या चौरसाच्या क्षेत्रफळाएवढं नेमकं सांगता आलं पाहिजे. लाइब्निट्झ आणि याकोब बर्नुली या दोघांनीही आपापली उत्तरं दिली. तेव्हा कॅल्क्युलस अगदी ताजं होतं आणि अशी कोडी त्याची ताकद अजमावायलाच टाकली जात.

विवियानीचं स्वतःचं उत्तर म्हणजे आपली फोटोतली आकृती. घुमटाच्या त्रिज्येएवढा व्यास असलेले दोन उभे सिलिंडर, एकमेकांना घुमटाच्या अक्षावर चिकटलेले, घुमटातून आरपार घातले की त्यांनी पाडलेली भोकं म्हणजे खिडक्या. एकेका सिलिंडरचं भोक मधोमध दुभागून मोजलं तर चार. उरलेल्या घुमटाचा पृष्ठभाग गोलाच्या व्यासावरच्या चौरसाएवढा भरतो. आपल्या गोलाचा व्यास ४, म्हणजे क्षेत्रफळ १६. घनफळाइतकं हेही सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्समध्ये सहज काढता येतं: घुमटाचं पूर्ण क्षेत्रफळ 8π, प्रत्येक सिलिंडरने कापलेला भाग 4π − 8, दोन्ही वजा करा, π जातो आणि १६ उरतात. सिलिंडर आणि गोल जिथे छेदतात ती आठच्या आकड्यासारखी वक्ररेषा आजही विवियानीची वक्ररेषा म्हणून ओळखली जाते. उदाहरण छापणाऱ्या पुस्तकांत त्याचं नाव बहुधा नसतं. मुलांना ते परीक्षेला नको असतं हे खरं, पण उत्तरातला तो विचित्र 64/9 कुठून आला हे विचारायचा कंटाळा मात्र करू नये.

एक प्रश्न राहिला. z सगळ्यात आत का? आधी r आणि मग z घेतला तर काय बिघडलं? काही बिघडत नाही, पण गणित दुभंगतं. एक कोन आणि एक उंची ठरवली आणि अक्षापासून बाहेर निघालो, तर थांबायचं कुठे हे दोघांपैकी जो आधी आडवा येईल त्यावर अवलंबून असतं. खालच्या उंचीवर सिलिंडरची भिंत आधी लागते, r = 2 cos θ. वरच्या उंचीवर गोलाचं छत आधी लागतं, r = √(4 − z²). बदल होतो z = 2|sin θ| या उंचीला, म्हणजे बरोबर त्या वक्ररेषेवर. तेव्हा एका संकलनाची दोन होतात, आणि त्या उभ्या रेघा याही रस्त्याने येऊन भेटतातच. आकृतीत उभी काठी वर-खाली सरकवली आणि ती सगळीकडे एकाच पृष्ठभागातून आत शिरून एकाच पृष्ठभागातून बाहेर पडत असेल, तर z आत घ्यावा. इथे ती नेहमी गोलातून शिरते आणि गोलातूनच बाहेर पडते, भिंतीला कधी लागतच नाही. म्हणून हा क्रम.

उदाहरण करणाऱ्याने 4 आणि 2x हे आकडे सहज निवडलेले नाहीत. समजा धुरकट फोटोत उजव्या बाजूचा 4 हा 9 वाचला गेला. गोलाची त्रिज्या ३ झाली, सिलिंडर तोच राहिला. अक्षाचा स्पर्श कायम, पण पलीकडच्या टोकाला सिलिंडर आता गोलाला टेकत नाही. मर्यादा तशाच मांडता येतात, आतले दोन पदर तसेच सुटतात. पण वरची मर्यादा टाकल्यावर कंसात 9 − 4 cos² θ येतं, आणि तो कशाचाच वर्ग नाही. त्याचा ३/२ घात θ वर संकलित करायला गेलं तर ते उत्तर साइन, कोसाइन, लॉग किंवा वर्गमुळं यांपैकी कशातही बसत नाही. ते एलिप्टिक इंटिग्रल नावाच्या वेगळ्याच कुळातलं असतं, आणि आकडा हवा असेल तर तो संगणकाने किंवा हाताने अंदाजे काढावा लागतो. मी तो 0 ते π/2 च्या मध्ये पाच कोन घेऊन साध्या सरासरीने काढला: १७.१६. सरासरी उंची ५.४६ पडते, आणि उंची ६ पासून 2√5 म्हणजे ४.४७ पर्यंत उतरत असल्याने ती पटते. पेपरात असा आकडा आला तर पर्यवेक्षकाला प्रश्न पुन्हा वाचून दाखवायला सांगावं.